वाक्यांचा क्रम लावताना सर्वनामाचे बोट कोणाकडे?

स्पर्धा परीक्षांच्या भाषा विभागात एक प्रश्न वारंवार येतो. एका परिच्छेदातील चार-पाच वाक्ये उलटसुलट करून दिलेली असतात आणि त्यांचा मूळ क्रम शोधायचा असतो. इंग्रजीच्या तयारीत याला ‘पॅरा जंबल’ म्हणतात, तर मराठीत ‘वाक्यांचा योग्य क्रम लावा’ एवढीच सूचना असते. व्याकरण पक्के असलेले आणि भरपूर वाचणारे विद्यार्थीही येथे अडखळतात. उत्तर पाहिल्यावर त्यांची तक्रार ठरलेली असते, की आम्ही लावलेला क्रमही चालला असता. बहुतेक वेळा तो चालला नसता, आणि त्याचे कारण ‘ती’, ‘ही’ किंवा ‘मात्र’ अशा एखाद्या छोट्या शब्दात दडलेले असते.

हा लेख अशा शब्दांपुरताच आहे. पहिले वाक्य कसे ओळखावे आणि सर्वनामांचा माग धरून पुढची वाक्ये कशी जोडावीत, एवढेच येथे पाहू.

अंदाज का पुरत नाही

चार वाक्ये एकूण २४ प्रकारे मांडता येतात आणि पाच वाक्ये १२० प्रकारे. ‘वाचून बघू, कोणता क्रम बरा वाटतो’ या पद्धतीने जाणारा विद्यार्थी यातील दोन-तीन क्रम मनात म्हणून पाहतो आणि त्यातला कानाला गोड वाटणारा निवडतो. अडचण अशी, की एकाच विषयावरची वाक्ये कोणत्याही क्रमाने वाचली तरी थोडीफार जुळल्यासारखी वाटतात, कारण वाचणाऱ्याचे मन मधली फट स्वतःच बुजवून घेते.

उलट, पाचपैकी दोन वाक्ये एकामागोमाग एकच येणार असे खात्रीने ठरले, तर ती जोडी एकच वाक्य समजून चालते आणि १२० शक्यतांच्या २४ उरतात. अशी आणखी एक वेगळी जोडी सापडली, की फक्त ६ उरतात. म्हणून सगळा परिच्छेद एकदम डोळ्यांसमोर आणण्याच्या खटाटोपात पडण्याऐवजी आधी एखादी पक्की जोडी शोधणे फायद्याचे असते.

सर्वनाम म्हणजे उधारी

नामाऐवजी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम, हे शाळेत शिकलेले असते. वाक्यक्रमाच्या दृष्टीने त्याच्याकडे थोडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. ‘ती लाकडाची होती’ या वाक्याला स्वतःचा अर्थ पुरत नाही. ‘ती’ म्हणजे काय, हे त्याने दुसऱ्या वाक्याकडून उसने घेतलेले असते. ज्याच्याकडून उसने घेतले, ते वाक्य आधी यायलाच हवे. ‘त्यामुळे’, ‘मात्र’, ‘तरीही’, ‘याउलट’ हे जोडशब्दही असेच उधारीवर जगतात. फरक इतकाच, की ते एखादे नाम उसने घेत नाहीत, अख्खे विधान घेतात.

या हिशेबाने पहिले वाक्य म्हणजे कोणाचेही देणे नसलेले वाक्य. अनेक मार्गदर्शक पुस्तके पहिल्या वाक्याची लक्षणे देतात, की ते सर्वसाधारण विधान असते, त्यात विषयाची ओळख असते, पूर्ण नाव असते, साल असते. ही लक्षणे खोटी नाहीत, पण त्यांच्यावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण प्रश्न काढणाऱ्यालाही ती ठाऊक असतात. त्यापेक्षा प्रत्येक वाक्याला ‘तुझ्यावर कोणाची उधारी आहे का’ असे विचारून एकेक वाक्य बाद करत जाणे अधिक भरवशाचे. पहिले वाक्य थेट निवडण्यापेक्षा ते शिल्लक उरू द्यावे.

एक उदाहरण शेवटपर्यंत

पुढील पाच वाक्ये पाहा.

(अ) तिच्या एका टोकाला कान लावून दुसरे टोक त्यांनी रुग्णेच्या छातीवर टेकवले, तेव्हा ठोके आधीपेक्षा कितीतरी स्पष्ट ऐकू आले.

(ब) १८१६ मध्ये एका तरुण स्त्रीला तपासताना मात्र रने लेनेक या फ्रेंच डॉक्टरांना ती वापरणे अवघड वाटले, म्हणून त्यांनी कागदाची गुंडाळी करून एक नळी तयार केली.

(क) हृदयाचे ठोके ऐकण्यासाठी पूर्वी डॉक्टर रुग्णाच्या छातीला थेट कान लावत असत.

(ड) पुढे लेनेक यांनी ती लाकडाची बनवली आणि तिला स्टेथोस्कोप असे नाव दिले.

(इ) ही पद्धत सोपी होती आणि तिला कोणतेही साधन लागत नसे.

पहिले वाक्य म्हणून बहुतेकांचा हात ‘ब’कडे जातो. त्यात साल आहे, व्यक्तीचे पूर्ण नाव आहे, तिचा देश आणि व्यवसाय आहे. गोष्ट येथूनच सुरू होते असे वाटते. पण त्याच वाक्यात दोन उधाऱ्या आहेत. ‘मात्र’ म्हणजे आधी काहीतरी वेगळे म्हटलेले होते, आणि ‘ती वापरणे’ म्हणजे वापरण्याजोगी एखादी स्त्रीलिंगी गोष्ट आधी येऊन गेलेली होती. त्यामुळे ‘ब’ बाद. ‘अ’ची सुरुवातच ‘तिच्या’ने आहे, ‘ड’मध्ये ‘पुढे’, ‘ती’ आणि ‘तिला’ आहे, ‘इ’मध्ये ‘ही पद्धत’ आहे. उरते ते ‘क’. त्यात सर्वनामही नाही आणि मागे बघणारा जोडशब्दही नाही. ‘पूर्वी’ हा शब्द मागचा काळ दाखवतो, मागचे वाक्य दाखवत नाही.

आता १२० पैकी २४ शक्यता उरल्या. पुढची पायरी म्हणजे ‘ही पद्धत’ कोणती, हे पाहणे. पद्धत म्हणता येईल आणि जिला साधन लागत नाही अशी कृती एकाच वाक्यात आहे, ती म्हणजे छातीला थेट कान लावणे. म्हणून ‘क’नंतर ‘इ’. येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. ‘पद्धत’ हा शब्द ‘क’मध्ये कोठेही नाही, ‘क’मध्ये कृती आहे आणि ‘इ’ने तिला एक नाव देऊन ती उचलली आहे. ‘ही पद्धत’, ‘हा बदल’, ‘हे मत’, ‘ही अडचण’ अशा शब्दांची मागच्या वाक्यात शब्दशः जुळणी शोधत बसणारा विद्यार्थी येथे हमखास चुकतो. शब्द शोधू नये. त्या शब्दाने झाकले जाईल असे विधान शोधावे.

शक्यता आता सहावर आल्या. उरलेल्या तीन वाक्यांपैकी ‘अ’ आणि ‘ड’ या दोघांनाही स्त्रीलिंगी वस्तू हवी आहे. ‘अ’मधल्या वस्तूला दोन टोके आहेत आणि ‘ड’मधली वस्तू लाकडाची बनवता येते. पद्धतीला टोके नसतात आणि ती लाकडाची होत नाही. म्हणजे दोघांनाही नळी हवी आहे, आणि नळी प्रथम अवतरते ती ‘ब’मध्ये, ‘एक नळी’ या शब्दांत. मराठीत इंग्रजीतल्या ‘ए’, ‘द’सारखी उपपदे नाहीत, पण नवी वस्तू आणताना आपण पुष्कळदा ‘एक’ किंवा ‘एखादा’ लावतो आणि पुढच्या वेळी ‘ती’ किंवा ‘ही’ म्हणतो. त्यामुळे ‘ब’ तिसरे. ‘सोपी होती’ आणि ‘मात्र अवघड वाटले’ हा विरोधही तेथे बरोबर बसतो.

शेवटच्या दोन जागांसाठी ‘अ–ड’ की ‘ड–अ’? येथे सर्वनाम आपली साथ सोडते, कारण ‘ती’ आणि ‘तिच्या’ दोन्ही नळीबद्दलच आहेत आणि व्याकरणाने दोन्ही क्रम चालतात. निर्णय करतात ते दोन इतर शब्द. ‘अ’मधील ‘रुग्णेच्या’ म्हणजे ‘ब’मधली ती तरुण स्त्री, तपासणी अजून चालू आहे. ‘ड’ची सुरुवात ‘पुढे’ने आहे, म्हणजे तो प्रसंग संपून काळ सरकला आहे. प्रसंग अर्धवट सोडून पुढे जायचे आणि मग पुन्हा त्याच रुग्णेकडे यायचे, असे कोणी लिहीत नाही. उत्तर: क–इ–ब–अ–ड.

प्रत्येक सर्वनामाचा पुरावा सारखा नसतो

वरच्या उदाहरणात ‘ती’ने केलेला घोळ पुन्हा पाहा. परिच्छेदात पद्धत, स्त्री आणि नळी अशी अनेक स्त्रीलिंगी नामे आहेत. केवळ लिंग जुळवणाऱ्याने ‘तिला स्टेथोस्कोप असे नाव दिले’ हे त्या स्त्रीला लागू केले असते तर व्याकरणाने त्याला अडवले नसते. म्हणून लिंग-वचन ही पहिली चाळणी आणि अर्थ ही दुसरी. पहिलीतून जे खाली पडते तेच दुसरीत घालायचे.

मराठीचा फायदा हा, की आपल्या भाषेत ही पहिली चाळणी बरीच बारीक आहे. पण तिची भोके सगळीकडे सारखी नाहीत, आणि ही गोष्ट शिकवण्यांतून फारशी सांगितली जात नाही असे माझे मत आहे. ‘तो’ आला की पुल्लिंगी एकवचनाखेरीज दुसरे काही असू शकत नाही. हा भक्कम पुरावा. ‘तिला’, ‘तिने’, ‘तिच्या’ ही रूपेही तितकीच पक्की, ती फक्त स्त्रीलिंगी एकवचनाची. नुसते ‘ती’ मात्र दोन ठिकाणी चालते, ‘ती नळी’ आणि ‘ती घरे’; तेथे क्रियापदाकडे पाहावे लागते, कारण ‘ती मोठी आहे’ आणि ‘ती मोठी आहेत’ यांत फरक आहे. ‘त्याला’ आणि ‘त्याने’ ही रूपे पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी दोहोंना चालतात. ‘ते’ तर तीन घरांत राहते: ते उपकरण, ते कागद आणि आदराने उल्लेखलेले ते डॉक्टर. सर्वांत ढिला पुरावा ‘त्यांना’ आणि ‘त्यांनी’ यांचा, कारण तेथे लिंग पूर्णपणे पुसले जाते आणि अनेकवचन व आदरही वेगळे दिसत नाहीत. ‘त्यांनी’वर जोडी पक्की करणारा विद्यार्थी वाळूवर घर बांधत असतो.

तेव्हा पाच वाक्यांत अनेक सर्वनामे दिसली तर सर्वांत अरुंद सर्वनामापासून सुरुवात करावी. ‘तो’ किंवा ‘तिच्या’ने जोडी ठरवावी आणि ‘त्यांनी’कडे शेवटी, केवळ पडताळणीसाठी वळावे.

आणखी एक भेद जवळचा आणि लांबचा. ‘हा’, ‘ही’, ‘हे’ यांचे मूळ बहुधा अगदी मागच्याच वाक्यात असते. ‘तो’, ‘ती’, ‘ते’ यांना मध्ये एखादे वाक्य गेलेले चालते. ‘ड’मधील ‘ती’ आणि ‘ब’मधील ‘नळी’ यांच्यामध्ये ‘अ’ आहेच. म्हणून ‘ही पद्धत’ असे दिसले की शेजार ठरतो, आणि ‘ती’ दिसले की फक्त आधी-नंतर ठरते. हा फरक न पाळल्याने चुकीच्या जोड्या चिकटवल्या जातात.

सर्वनाम असलेले वाक्य पहिले असूच शकत नाही का?

असू शकते, आणि प्रश्न काढणाऱ्यांचा हा आवडता सापळा आहे. सर्वनामाचे बोट नेहमी मागेच असते असे नाही. ‘असे म्हणतात की माणसाने आवाज साठवण्याआधी तो मोजायला शिकले पाहिजे’ या वाक्यातील ‘असे’ ‘की’नंतरच्या मजकुराकडे बोट दाखवते आणि ‘तो’ म्हणजे त्याच वाक्यातला आवाज. दोन्ही उधाऱ्या घरातल्या घरात फिटल्या. वाक्य पहिले यायला मोकळे आहे. याउलट ‘असे असले तरी’ हे मागेच पाहते. दोन्हींत ‘असे’ आहे, पण दिशा विरुद्ध.

‘जो–तो’, ‘जेव्हा–तेव्हा’, ‘ज्याने–त्याने’ या जोड्यांचेही तसेच आहे. ‘ज्याने छातीला कान लावून ठोके ऐकले असतील, त्याला हा फरक कळेल’ या वाक्यातील ‘त्याला’ची सोय ‘ज्याने’ने लावली आहे. मात्र ‘हा फरक’ अजून बाहेरचाच आहे, म्हणून हे वाक्य पहिले येणार नाही. एका वाक्यातील सगळी सर्वनामे तपासायची ती यासाठीच. पहिले निर्दोष सुटले म्हणून दुसरेही सुटेल असे नाही. ‘आपला’, ‘स्वतः’ हे शब्द बहुतांशी त्याच वाक्याच्या कर्त्याकडे जातात, त्यामुळे त्यांचा क्रमाशी संबंध नसतो.

आणखी एक अपवाद आहे. प्रश्नातला परिच्छेद पुष्कळदा एखाद्या छापील लेखाच्या मधून उचललेला असतो, त्यामुळे मूळ पहिल्या वाक्यातच ‘पण’ किंवा ‘हा प्रश्न’ राहून गेलेला असतो. पाचही वाक्यांवर उधारी दिसली तर गोंधळून जाऊ नये. ज्या वाक्याची उधारी उरलेल्या चारांपैकी कोणीही फेडू शकत नाही, ते पहिले.

इंग्रजीत हेच चालते का?

तत्त्व तेच, चाळणी मात्र जाड. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना लिंग नाही; पद्धत, नळी आणि कागद या तिघांनाही ‘इट’ एकच. वरचा परिच्छेद इंग्रजीत असता तर ‘तिच्या टोकाला’ आणि ‘ती वापरणे’ या दोन्ही ठिकाणी ‘इट’ आले असते आणि स्त्रीचा घोळ मिटून पद्धत, कागद आणि नळीचा वाढला असता. म्हणून इंग्रजीत सुट्या सर्वनामापेक्षा ‘धिस’ किंवा ‘सच’ आणि त्यापुढचे नाम ही जोडगोळी अधिक उपयोगी पडते. उपपदांचाही आधार मिळतो: वस्तू पहिल्यांदा येते तेव्हा बहुधा ‘ए’ असतो आणि ओळख झाल्यावर ‘द’. पण ‘द सन’सारख्या एकमेव गोष्टींना पहिल्यापासूनच ‘द’ लागतो, तेव्हा ‘द’ दिसला म्हणून वाक्य बाद करू नये.

इंग्रजीत आणखी एक वळण वारंवार दिसते. ‘व्हेन शी वॉज टेन’ असा गौण भाग आधी येतो आणि ‘शी’ कोण, ते स्वल्पविरामानंतर नावाने कळते. सर्वनाम आधी आणि नाम नंतर, पण दोन्ही एकाच वाक्यात. म्हणजे ही पुन्हा घरातली उधारी. अशा वाक्याला पहिल्या जागेवरून हुसकावण्याची चूक चांगले विद्यार्थीही करतात.

पर्याय दिलेले असतील तर एवढे कशाला?

पर्याय असले की एका पक्क्या जोडीवर काम भागते. वरच्या प्रश्नात ‘क–इ’ ही जोडी मिळाली, की ज्या पर्यायात ती शेजारी नाही ते सगळे बाद होतात आणि पुष्कळदा एकच उरतो. पण पर्याय आधी वाचून मग वाक्यांकडे जाण्याची सवय मला चांगली वाटत नाही. चार तयार क्रम डोळ्यांसमोर आले, की मन त्यातला एक पटवून घेऊ लागते. आधी जोडी, मग पर्याय.

पर्याय नेहमी मिळतीलच असेही नाही. कॅट परीक्षेत २०१५ पासून पर्याय नसलेले प्रश्न आले. वाक्यक्रमाच्या प्रश्नांत तेथे क्रमाचे अंक टंकावे लागतात. अशा प्रश्नांना चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत, पण एक जागा चुकली तरी सगळे उत्तर चुकते. चारपैकी दोन वाक्यांची जोडी बसली आणि बाकी काहीच कळेना, तर सहा शक्यता उरतात; पहिले वाक्यही वेगळे ठरले तर दोनच. उणे गुण नसताना दोनांतून एक निवडायला हरकत नाही.

एक वाक्य उपरे असेल तेव्हा

याच प्रश्नाचा एक भाऊ म्हणजे पाच वाक्यांतून परिच्छेदात न बसणारे वाक्य ओळखणे. आपल्या उदाहरणात पुढील वाक्य घुसवून पाहा: ‘हृदयाचे ठोके मोजण्यासाठी मनगटावरची नाडी पाहण्याची पद्धत त्याहून कितीतरी जुनी आहे.’ विषय तोच, ‘हृदयाचे ठोके’ आणि ‘पद्धत’ हे शब्द तेच, आणि ‘त्याहून’ हे सर्वनामाचे रूपही ऐटीत बसलेले. वरवर पाहणाऱ्याला हे परके वाटणार नाही.

आता ते ‘क’ आणि ‘इ’ यांच्यामध्ये ठेवा. लगेच ‘ही पद्धत’ म्हणजे नाडी पाहणे असा अर्थ होतो आणि लेनेक यांना स्त्रीची नाडी पाहणे अवघड वाटले, असे भलतेच निघते. ‘इ’ आणि ‘ब’मध्ये ठेवले तर ‘ती वापरणे’ पुन्हा नाडीकडे जाते. ‘ब’ आणि ‘अ’मध्ये ठेवले तर ‘तिच्या एका टोकाला’ मधले ‘तिच्या’ नळीपासून तुटून पद्धतीला चिकटते, आणि ‘अ–ड’मध्ये ठेवले तर लाकडाची नळी नव्हे, पद्धत होते. शेवटी ठेवले तर कोणताही दुवा तुटत नाही, पण ‘त्याहून’ म्हणजे कशाहून, याला स्टेथोस्कोप हे नाव असे उत्तर मिळते आणि नावाशी पद्धतीची तुलना होत नाही. शिवाय परिच्छेदातील इतर वाक्ये ठोके ऐकण्याबद्दल बोलतात, हे एकटे मोजण्याबद्दल. उपऱ्या वाक्याची खूण अशी, की ते मागच्याकडून उसने घेऊ पाहते, पण पुढचे एकही वाक्य त्याच्याकडून काहीही घेत नाही.